गृहकर्ज आहे म्हणून जुनीच करप्रणाली? आधी हा हिशेब करा

आमच्या ऑफिसात दर एप्रिलला एक मेल येते: जुनी करप्रणाली हवी की नवी ते कळवा. मी डोळे झाकून ‘जुनी’ लिहायचे. घराचं कर्ज आहे, व्याजाची दोन लाखांची वजावट मिळते, ती कशाला सोडायची, एवढाच माझा विचार. शेजारच्या टेबलावरचेही हेच म्हणायचे. यंदा मात्र कागद-पेन घेऊन बसले आणि आकडे मांडले, तेव्हा कळलं की ज्या वजावटीसाठी मी जुनी प्रणाली धरून बसले होते, तिच्यापायी माझा कर जास्त जात होता.

हा लेख माझ्यासारख्यांसाठी आहे: नोकरी, डोक्यावर गृहकर्ज, पीएफ कापला जातो, थोडाफार आरोग्य विमा आणि त्यापलीकडे फारसं काही नाही. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या काळातल्या पगाराचे आणि साठीच्या आतल्या व्यक्तीचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले. पण या वर्षाचं रिटर्न १९६१ च्या कायद्याप्रमाणेच भरायचं आहे, म्हणून मी जुनेच, सगळ्यांच्या तोंडी असलेले क्रमांक वापरते.

## १. आधी हे कागद जमवा

- फॉर्म १६. तो अजून हातात नसेल तर बारा महिन्यांच्या पगारपावत्या.
- बँकेचं गृहकर्जाचं वार्षिक प्रमाणपत्र, ज्यात व्याज आणि मुद्दल वेगवेगळं दाखवलेलं असतं.
- कर्जाचं मंजुरीपत्र. याची तारीख पुढे फार महत्त्वाची ठरू शकते.
- घराचं ताबापत्र.
- आरोग्य विम्याच्या हप्त्याची पावती.
- भाड्याने राहत असाल तर भाडेकरार आणि भाडं भरल्याचा पुरावा.
- आयकर खात्याच्या `incometax.gov.in` या संकेतस्थळावरून उतरवलेलं एआयएस, म्हणजे वर्षभराच्या उत्पन्नाची माहिती. एफडीचं विसरलेलं व्याज इथे हमखास सापडतं.

बँकेच्या प्रमाणपत्राबद्दल एक गोष्ट आधीच सांगते. बँका वर्षाच्या सुरुवातीला ‘अंदाजे’ प्रमाणपत्र देतात आणि वर्ष संपल्यावर ‘प्रत्यक्ष’. जानेवारीत कंपनीला दिलेला कागद बहुधा अंदाजे असतो. मध्ये व्याजदर बदलला असेल किंवा तुम्ही जास्तीची रक्कम भरली असेल, तर दोन्हींत फरक पडतो. रिटर्नसाठी एप्रिलनंतर काढलेलं प्रत्यक्ष प्रमाणपत्रच वापरा.

## २. पहिली चाळणी: पगार पावणेतेरा लाखांच्या आत आहे का?

नव्या प्रणालीत पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आपोआप मिळते आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ८७ए कलमाखालच्या सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे ढोबळ पगार १२,७५,००० पर्यंत असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर इथेच थांबा. नवी प्रणाली घ्या. जुनीत शून्य कर यायला करपात्र उत्पन्न ५ लाखांवर आणावं लागतं, आणि पावणेतेरा लाख पगारात त्यासाठी पावणेआठ लाखांच्या वजावटी लागतील.

बचत खात्याचं आणि एफडीचं व्याजही या मर्यादेत मोजायचं असतं, हे लक्षात ठेवा. व्याजामुळे करपात्र उत्पन्न १२,१०,००० झालं तरी घाबरू नका. मर्यादा ओलांडल्या ओलांडल्या एकदम साठ हजारांचा कर बसू नये, म्हणून कायद्यातच सोय आहे: वर गेलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे इथे दहा हजारांपेक्षा, जास्त कर लागत नाही (त्यावर उपकर वेगळा). ही सोय साधारण १२,७०,००० च्या करपात्र उत्पन्नापर्यंत उपयोगी पडते. शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या भांडवली नफ्यावर खास दराने कर लागतो. त्या कराला मात्र ही सवलत लागू होत नाही.

## ३. कर्जाच्या हप्त्याचे दोन भाग करा

हप्ता एक असला तरी करासाठी त्याचे दोन तुकडे पडतात, आणि जुन्या प्रणालीत ते दोन वेगळ्या ठिकाणी जातात.

व्याजाचा तुकडा कलम २४(बी) मध्ये जातो. स्वतः राहत असलेल्या घरासाठी त्याची कमाल मर्यादा वर्षाला २ लाख. मुद्दलाचा तुकडा ८०सी मध्ये जातो, जिथे पीएफ, आयुर्विमा, पीपीएफ, मुलांची शाळेची ट्यूशन फी या सगळ्यांना मिळून दीड लाखांची एकच मर्यादा आहे.

माझंच उदाहरण घेते. कर्ज ३० लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं. हप्ता २६,०३५ रुपये. यंदा कर्जाचं तिसरं वर्ष. वर्षभरात भरलेल्या सुमारे ३,१२,४०० रुपयांपैकी २,४१,७०० व्याजात गेले आणि ७०,७०० मुद्दलात. व्याजापैकी २ लाखांचीच वजावट मिळते, वरचे ४१,७०० कुठेच चालत नाहीत. मुद्दलाचे ७०,७०० आणि माझ्या पगारातून कापला जाणारा पीएफ (मूळ पगार महिना ५०,०००, त्याचे बारा टक्के म्हणजे ६,००० महिना, ७२,००० वर्ष) मिळून १,४२,७०० झाले. ८०सी चा डबा एवढ्यानेच जवळजवळ भरला.

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण असं. गृहकर्ज घेतलेल्या बऱ्याच जणांना मार्चमध्ये ‘कर वाचवा’ म्हणून विमा पॉलिसी विकली जाते. त्यांची ८०सी ची मर्यादा मुद्दल आणि पीएफनेच संपलेली असते. त्या पॉलिसीने त्यांचा एक रुपयाही कर वाचत नाही, उलट हप्ता मात्र पुढची पंधरा-वीस वर्षं मागे लागतो. आधी बेरीज करा, मग सही करा.

नव्या प्रणालीत यातलं काय उरतं? स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट नाही, ८०सी नाही, आरोग्य विम्याच्या हप्त्याची ८०डी नाही, घरभाडे भत्त्याची म्हणजे एचआरएची सूट नाही, व्यवसाय कराची वजावटही नाही. फक्त करांचे टप्पे रुंद आणि दर कमी.

## ४. दोन्हीकडचा कर मांडून बघा

माझा ढोबळ पगार १५,००,००० आहे असं धरा, कंपनीचा पीएफचा वाटा सोडून. आरोग्य विम्याचा हप्ता १५,०००.

जुनी प्रणाली

- ढोबळ पगार: १५,००,०००
- प्रमाणित वजावट: ५०,०००
- व्यवसाय कर (महाराष्ट्रात वर्षाला): २,५००
- गृहकर्जाचं व्याज: २,००,०००
- ८०सी: १,४२,७००
- ८०डी: १५,०००
- करपात्र उत्पन्न: १०,८९,८००

जुने टप्पे आठवा: अडीच लाखांपर्यंत काही नाही, अडीच ते पाच लाख ५ टक्के, पाच ते दहा २० टक्के, दहाच्या वर ३० टक्के. म्हणजे १२,५०० अधिक १,००,००० अधिक वरच्या ८९,८०० चे २६,९४०. एकूण १,३९,४४०. त्यावर ४ टक्के उपकर लावला की १,४५,०२०.

नवी प्रणाली

१५,००,००० मधून ७५,००० वजा केले की करपात्र १४,२५,०००. टप्पे चार-चार लाखांचे आहेत: पहिल्या चार लाखांवर काही नाही, मग ५, १०, १५, २०, २५ टक्के आणि २४ लाखांवर ३० टक्के. म्हणजे २०,००० अधिक ४०,००० अधिक शेवटच्या २,२५,००० वर १५ टक्क्यांनी ३३,७५०. एकूण ९३,७५०, उपकरासह ९७,५००.

फरक ४७,५२० रुपये, नव्या प्रणालीच्या बाजूने. दोन लाखांच्या व्याजाची वजावट आणि जवळजवळ भरलेली ८०सी हाताशी असूनही.

मी हे गणित तीनदा तपासलं, कारण मला ते पटत नव्हतं. मग कारण लक्षात आलं. माझ्या चुकीच्या समजाचं मूळ ‘दोन लाखांची वजावट’ या शब्दांत होतं. दोन लाखांच्या वजावटीने कर दोन लाखांनी कमी होत नाही. ३० टक्क्यांच्या टप्प्यातही तो जास्तीत जास्त ६२,४०० ने कमी होतो. आणि जुन्या प्रणालीत दहा लाखांच्या वरच्या रुपयाला ३० टक्के लागतात, तिथे नव्यात त्याच रुपयाला १० किंवा १५ टक्केच लागतात. वजावटीने जे मिळतं, त्याहून जास्त दरांतच निघून जातं.

## ५. मग जुनी प्रणाली कधी जिंकते?

इथे एकच आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: पाच लाख. प्रमाणित वजावट सोडून तुमच्या बाकी सगळ्या वजावटींची बेरीज पाच लाखांच्या खाली असेल, तर पगार कितीही असो, जुनी प्रणाली फायद्याची ठरत नाही. पाच लाखांच्या वर गेलात तरी जिंकतेच असं नाही, कारण पगार वाढतो तशी ही पातळी वर सरकते. १५ लाख पगाराला ५,४३,७५० रुपयांच्या वजावटी झाल्या की दोन्हींचा कर सारखा होतो. २० लाखांना सुमारे ७,०८,३००. पावणेपंचवीस लाखांपासून पुढे सरळ ८ लाख.

आता गृहकर्जवाल्याची सगळी शिदोरी मोजू. व्याज २ लाख, ८०सी दीड लाख, एनपीएस या निवृत्तिवेतन योजनेत स्वतः भरले तर ८०सीसीडी(१बी) चे ५०,०००, स्वतःच्या कुटुंबाचा आरोग्य विमा २५,०००, साठीपुढच्या आईवडिलांचा विमा ५०,०००, व्यवसाय कर २,५००. सगळं काठोकाठ भरलं तरी ४,७७,५००. पाच लाख होत नाहीत. म्हणून स्वतःच्या घरात राहणाऱ्या, कर्ज फेडणाऱ्या सर्वसाधारण पगारदाराला नवी प्रणालीच स्वस्त पडते.

अपवाद खरे आहेत, पण मोजके. खालच्या तिन्हींपैकी एखादा तुम्हाला लागू होतो का, ते नीट तपासा.

पहिला, एचआरए. घर एका गावात, नोकरी दुसऱ्या गावात. माझा एक सहकारी असाच आहे: नाशिकच्या फ्लॅटवर कर्ज आहे, तिथे आईवडील राहतात आणि तो पुण्यात भाड्याने राहतो. घरातून भाडं येत नसल्याने ते घर ‘स्वतः राहत असलेलं’ धरता येतं, त्यामुळे व्याजाची वजावटही मिळते आणि एचआरएही. हिशेब सोपा राहावा म्हणून माझेच आकडे त्याला लावते. मूळ पगार वर्षाला ६ लाख, एचआरए २,४०,०००, भाडं महिना २२,००० म्हणजे वर्षाला २,६४,०००. करमुक्त एचआरए म्हणजे तीन आकड्यांतला सर्वात लहान: मिळालेला एचआरए २,४०,०००, मूळ पगाराचे ४० टक्के २,४०,००० (या वर्षासाठी ५० टक्के फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईला), आणि भाडं वजा मूळ पगाराचे दहा टक्के, म्हणजे २,०४,०००. सर्वात लहान २,०४,०००. जुन्या प्रणालीतलं करपात्र उत्पन्न १०,८९,८०० वरून ८,८५,८०० वर आलं आणि कर उपकरासह ९३,२५० झाला. नव्यात ९७,५००. त्याला जुनी प्रणाली ४,२५० रुपयांनी स्वस्त. एवढ्या वजावटी लावून फरक फक्त सव्वाचार हजारांचा, हेही ध्यानात घ्या. त्याचं भाडं महिना दोन हजारांनी कमी असतं तर पारडं फिरलं असतं.

घर आणि भाड्याची जागा एकाच शहरात असेल तर दोन्ही वजावटी घ्यायला खरं कारण हवं, जसं की घर ऑफिसपासून फार लांब असणं. आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. करारावर सही करण्याआधीच तो मागून घ्या, नंतर मिळवताना त्रास होतो.

दुसरा, कर्जाच्या मंजुरीची तारीख. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेलं कर्ज, घराचं मुद्रांक मूल्य ४५ लाखांपर्यंत आणि मंजुरीच्या दिवशी तुमच्या नावावर दुसरं घर नसेल, तर ८०ईईए कलमाखाली जुन्या प्रणालीत व्याजाची आणखी दीड लाखांपर्यंत वजावट मिळू शकते. ती २ लाखांच्या वरच्या व्याजावर मिळते, म्हणून व्याज तेवढं मोठं असेल तरच उपयोग. ज्यांनी त्या काळात पहिलं घर घेतलं, त्यांनी मंजुरीपत्र काढून तारीख बघाच. अनेकांना ही वजावट आपल्याला मिळते हेच माहीत नसतं.

तिसरा, शैक्षणिक कर्ज. ८०ई मध्ये त्याच्या व्याजाला वरची मर्यादा नाही, वजावट कमाल आठ वर्षं मिळते. गृहकर्जाच्या जोडीला मोठं शैक्षणिक कर्ज चालू असेल तर बेरीज पाच लाखांपलीकडे जाऊ शकते.

## ६. घर भाड्याने दिलं असेल तर हिशेब बदलतो

इथे बहुतेकांची चूक होते. ‘नव्या प्रणालीत गृहकर्जाचं व्याज मिळत नाही’ हे वाक्य फक्त स्वतः राहत असलेल्या घराबद्दल खरं आहे. भाड्याने दिलेल्या घराचं व्याज नव्या प्रणालीतही वजा होतं, पण भाड्याच्या उत्पन्नातूनच.

समजा माझा तोच फ्लॅट महिना १५,००० ला भाड्याने दिला. वर्षाचं भाडं १,८०,०००. महापालिकेचा भरलेला घरपट्टी कर ६,००० वजा केला की १,७४,०००. त्याच्या ३० टक्के, म्हणजे ५२,२०० ची वजावट दुरुस्ती वगैरेसाठी सरसकट मिळते, बिलं दाखवावी लागत नाहीत. उरले १,२१,८००. यातून व्याज पूर्ण २,४१,७०० वजा होतं, दोन लाखांची मर्यादा इथे व्याजाला नसते. तोटा आला १,१९,९००.

जुन्या प्रणालीत हा तोटा पगारातून वजा करता येतो (वर्षाला २ लाखांपर्यंत). नव्यात तो पगारातून वजा होत नाही, पण भाड्याचं १,२१,८०० चं उत्पन्न मात्र पूर्ण पुसलं जातं. म्हणून तुलना करताना जुन्या प्रणालीच्या खात्यात दोन लाख नव्हे, १,१९,९०० एवढीच वजावट धरायची. आणि नवी प्रणाली निवडली तरी रिटर्नमध्ये व्याजाचा रकाना रिकामा ठेवू नका. तो सोडलात तर भाड्यावर विनाकारण कर भराल.

घराचा ताबाच मिळाला नसेल तर कोणत्याच प्रणालीत या वर्षी व्याजाची वजावट नाही. ताब्याआधीचं व्याज ताबा मिळाल्यावर पाच समान वार्षिक भागांत घेता येतं, आणि राहत्या घरासाठी तेही दोन लाखांच्या मर्यादेतच. अशांनी तर या वर्षी गृहकर्जाच्या व्याजासाठी जुन्या प्रणालीचा विचार करण्याचीच गरज नाही.

पती-पत्नीचं संयुक्त कर्ज असेल तर दोघांचा हिशेब वेगवेगळा करा. दोघं सहमालक आणि सहकर्जदार असतील तर प्रत्येकाला स्वतःच्या वाट्याच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट घेता येते. एकाने जुनी आणि दुसऱ्याने नवी प्रणाली घेतली तरी चालतं. मात्र नवी घेणाऱ्याच्या वाट्याचं व्याज जुनी घेणाऱ्याच्या नावावर ढकलता येत नाही.

## ७. कंपनीला कळवा, पण शेवटचा शब्द रिटर्नचा

तुम्ही काही कळवलं नाही तर कंपनी नवी प्रणाली धरून टीडीएस कापते. कंपनीला सांगितलेली निवड फक्त टीडीएससाठी असते. खरी निवड रिटर्न भरताना होते, आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला ती दर वर्षी बदलता येते. त्यामुळे एप्रिलमध्ये चुकीची प्रणाली सांगितली असेल तरी जास्तीचा कापलेला कर परतावा म्हणून मिळतो. माझंही यंदा तसंच आहे: वर्षभर जुन्या प्रणालीने कापला गेला, आता नवीने रिटर्न भरून उरलेली रक्कम परत घ्यायची.

उलट दिशेचा सापळा मात्र महाग आहे. जुनी प्रणाली हवी असेल तर रिटर्न मुदतीत भरावंच लागतं. पगारदारासाठी ती मुदत साधारणपणे ३१ जुलै. मुदत चुकली की उशिराचं रिटर्न नव्या प्रणालीनेच भरावं लागतं, तुमच्या वजावटी कितीही असोत. पाच लाखांच्या वर वजावटी असणाऱ्यांनी ही तारीख भिंतीवर लावून ठेवावी.

रिटर्नमधला प्रश्नही नीट वाचा. आयटीआर-१ मध्ये विचारलेलं असतं ते नवीतून बाहेर पडण्याबद्दल:

```
Opting out of new tax regime?
```

इथे `Yes` म्हणजे जुनी, `No` म्हणजे नवी. ‘नवी हवी’ असा विचार करत `Yes` दाबलंत तर नेमकं उलटं होतं. बटण दाबल्यावर खालचा कराचा आकडा तुमच्या कागदावरच्या आकड्याशी जुळतो का ते पाहा. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

जुनी निवडली तर व्याजाच्या वजावटीसाठी कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव, कर्जखात्याचा क्रमांक, मंजुरीची तारीख, एकूण कर्ज आणि ३१ मार्चची शिल्लक हे सगळं भरावं लागतं. म्हणूनच पहिल्या पायरीत मंजुरीपत्र मागितलं होतं.

## ८. नवी घेतल्यावर दोन गोष्टी तपासा

पहिली, कंपनीकडून एनपीएस. नव्या प्रणालीतही कंपनीने तुमच्या एनपीएस खात्यात भरलेल्या रकमेवर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत वजावट मिळते (८०सीसीडी(२)). माझ्या सहा लाख मूळ पगारावर ती ८४,००० होते. पगाराच्या रचनेतच एवढी रक्कम तिकडे वळवून घेतली तर कर १३,१०४ रुपयांनी कमी होतो. पैसे निवृत्तीपर्यंत अडकतात, त्यामुळे ज्याला हप्त्याची ओढाताण होते त्याने घाई करू नये. पण एचआर विभागाला विचारून ठेवा, कारण बऱ्याच कंपन्या ही सोय मागितल्यावरच देतात.

दुसरी, कर्जाची लवकर फेड. जुन्या प्रणालीत ‘व्याजावर करसवलत आहे, मग कशाला फेडायचं’ असं म्हणता यायचं. नव्यात साडेआठ टक्के म्हणजे पूर्ण साडेआठ टक्के. तेच पैसे सात टक्क्यांच्या एफडीत ठेवले, तर १५ टक्क्यांच्या टप्प्यात कर आणि उपकर जाऊन हातात ५.९ टक्केच पडतात. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड बँकेला घेता येत नाही. हाताशी चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून मग उरलेलं कर्जात भरावं, असं माझं मत आहे.

यंदाचे ४७,५२० मी तसेच भरणार आहे. भरताना बँकेला ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असं लेखी सांगावं लागतं, नाहीतर काही बँका हप्ताच कमी करतात. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला माझं कर्ज साधारण २८ लाख ४,५०० शिल्लक आहे आणि २०४ हप्ते बाकी आहेत. एवढी रक्कम भरली की १९६ पूर्ण हप्ते आणि शेवटचा अर्धा हप्ता उरतो.